इतिवृत्त आरटीआयमध्ये देताना काय झाकायचं आणि कसं झाकायचं

नवीन जनमाहिती अधिकारी झालात, टेबलावर पहिलाच अर्ज आला की अमुक तारखेच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत द्या, आणि इतिवृत्त उघडलं तर त्यात कुणाचा आजार, कुणाची तक्रार, कुणाचे टेंडरचे कागद सगळं एकत्र. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात, सगळंच नाकारतात नाहीतर मार्कर घेऊन नावांवर काळं फासतात आणि प्रत देऊन मोकळे होतात. पहिलं कायद्यात बसत नाही, कारण माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 10 सांगतं की द्यायची आणि न द्यायची माहिती वेगळी काढता येत असेल तर न द्यायची तेवढी काढा आणि बाकीची द्या. दुसरं कायद्यात बसतं पण कामाला येत नाही. नाव झाकलं तरी माणूस तसाच दिसत राहतो. या लेखात मुख्यतः त्याबद्दलच लिहितोय, तेही आपल्या मराठी इतिवृत्तांच्या हिशोबाने, कारण मराठीत माणूस नावाशिवाय इतर चार जागांवरूनही ओळखू येतो.

एक नमुना धरून चालू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा एका सार्वजनिक संस्थेच्या व्यवस्थापन समितीचं सात पानी इतिवृत्त आहे, संगणकावर टाइप केलेलं, शेवटी सह्या. पाच विषय. पहिला, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. दुसरा, सुरक्षारक्षक पुरवण्याचं टेंडर, तीन कंपन्यांचे दर आणि त्यांनी दिलेल्या प्रस्तावांवरची चर्चा. तिसरा, एका कर्मचाऱ्याची दीर्घ वैद्यकीय रजा. चौथा, लैंगिक छळाच्या तक्रारीवर अंतर्गत समितीचा अहवाल. पाचवा, स्टोअरमधून सामान बाहेर जातंय अशी कुणीतरी दिलेली खबर आणि त्यावर चौकशी लावायचा ठराव.

अर्ज आला त्याच दिवशी इतिवृत्त पूर्ण वाचून काढा, पेन खाली ठेवून. घाई यासाठी की 30 दिवसांची मुदत सगळ्यांना पाठ असते पण त्याच्या आधीची एक मुदत कुणाच्या लक्षात राहत नाही. एखाद्या त्रयस्थाने दिलेली आणि त्याने गोपनीय मानलेली माहिती तुम्ही द्यायच्या विचारात असाल तर कलम 11 प्रमाणे त्याला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती अर्ज मिळाल्यापासून 5 दिवसांत. त्याला म्हणणं मांडायला 10 दिवस मिळतात, आणि अशा प्रकरणात तुमचा निर्णय 40 दिवसांत व्हायला हवा. आपल्या नमुन्यात दुसऱ्या विषयातल्या कंपन्यांना ही नोटीस लागू शकते, आणि तुम्ही इतिवृत्त विसाव्या दिवशी उघडलंत तर ती वेळ कधीच गेलेली असते. अर्जदाराला "कशासाठी हवंय" हे विचारायचं नाही, कलम 6(2) मध्ये स्पष्ट आहे, आणि तसंही ते कळून तुमचं काम बदलत नाही, कारण एकाला दिलेला कागद उद्या कुणाच्याही हातात जाऊ शकतो आणि झाकायचं ते त्या हिशोबानेच झाकायचं.

दुसऱ्या वाचनाला प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात कारण लिहायचं, कलमासकट. हे फोटोकॉपीवर करा, मूळ इतिवृत्ताला हातही लावायचा नाही. नियम सोपा ठेवा, ज्या ओळीसमोर पोटकलम लिहिता येत नाही ती ओळ झाकायची नाही. "हे जरा अडचणीचं आहे" किंवा "साहेबांना आवडणार नाही" हे पोटकलम नाहीये.

आता आपला नमुना घेऊ. पहिल्या विषयात काहीच झाकायचं नाही. हजेरीची यादी, अध्यक्ष कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण, कुणी विरोधात मत दिलं, हे सगळं मी तसंच ठेवतो. ही माणसं सार्वजनिक पदावर बसून सार्वजनिक काम करतायत आणि त्यांची नावं त्या कामाचाच भाग आहेत. याला अपवाद आहे. कलम 8(1)(छ) सांगतं की एखाद्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल अशी माहिती रोखता येते, आणि त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात मुलाखत मंडळाच्या सदस्यांची नावं द्यायला नकार मान्य केला होता. पण ते मुलाखत घेणाऱ्यांबद्दल होतं. तो निकाल दाखवून प्रत्येक समितीच्या सदस्यांची नावं काळी करणं मला तरी पटत नाही.

दुसऱ्या विषयात टेंडर देऊन झालेलं असेल तर कुणाला दिलं, किती दराने, का दिलं हे जायला हवं, तो सार्वजनिक पैसा आहे. झाकायचं असेल तर ते कंपनीच्या प्रस्तावातलं तिचं स्वतःचं तंत्र किंवा व्यापारी गुपित, जे बाहेर गेलं तर स्पर्धेत तिचं नुकसान होईल, कलम 8(1)(घ). कंपनीने नोटिशीला "सगळंच गोपनीय आहे" असं उत्तर दिलं तर ते ऐकून घ्यायचं, फाइलला लावायचं, पण निर्णय तुमचा असतो. कंपनीचं म्हणणं हे म्हणणं आहे, ती परवानगी नाही.

तिसरा विषय वरवर सोपा वाटतो, नाव आणि आजार झाकला की झालं. इथे 8(1)(ञ) लागतं. या पोटकलमात मोठा बदल झालाय आणि जुने नमुने वापरणारे इथे अडकतात. आधी त्यात लिहिलं होतं की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी दिल्याने खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होईल ती रोखता येईल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 ने ते सगळं काढून तिथे फक्त "वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती" एवढंच ठेवलं आणि नोव्हेंबर 2025 पासून ते लागू आहे. म्हणजे जुन्या उत्तरातला "सार्वजनिक कामाशी संबंध नाही" हा परिच्छेद कॉपी पेस्ट केलात तर तो आता पोटकलमात नसलेल्या शब्दांवर उभा राहील. उलट बाजूने, शब्द रुंद झाले म्हणून दिसेल ते नाव काळं करायची मोकळीक मिळाली असंही नाही, कारण कलम 8(2) जागेवर आहे. माहिती देण्यातलं सार्वजनिक हित नुकसानापेक्षा जास्त असेल तर सूट असूनही माहिती देता येते, आणि हा विचार केल्याची दोन ओळींची नोंद फाइलवर हवीच. आणि सभा 20 वर्षांपेक्षा जुनी असेल तर कलम 8(3) मुळे (ञ) लागतच नाही, ते आधीच तारीख बघून ठरवा.

आता त्या परिच्छेदाकडे या. समजा मूळ वाक्य असं आहे:

"ग्रंथपाल श्रीमती शिंदे या 4 जानेवारीपासून अर्धांगवायूमुळे गैरहजर होत्या. त्यांनी 120 दिवसांची रजा मागितली. या विषयावर चर्चा सुरू होताना सदस्य सचिव, जे त्यांचे नातेवाईक आहेत, सभागृहाबाहेर गेले."

नाव आणि आजार काळा केला. काय उरलं? ग्रंथपाल. संस्थेत ग्रंथपाल एकच. बरं, तेही झाकलं. मग "श्रीमती" उरलं. ते पण झाकलं तरी "होत्या" आहेच, म्हणजे बाई आहे हे कळलं. इंग्रजी इतिवृत्तात ही अडचण फारशी नसते पण मराठीत क्रियापद चुगली करतं. "गैरहजर होते" आणि "गैरहजर होत्या" यात लिंग आलं, "त्यांनी रजा मागितली" यात येत नाही कारण तिथे क्रियापद रजेप्रमाणे चालतंय. म्हणून प्रत्येक वाक्याचं क्रियापद तपासायचं, आणि त्या विभागात चार पुरुष आणि एकच बाई असेल तर "होत्या" सुद्धा झाकायचं. पुढे तारीख आणि दिवस. 4 जानेवारीपासून 120 दिवस कोण नव्हतं हे हजेरीपट बघणाऱ्या कुणालाही सांगता येईल. आणि शेवटचं वाक्य तर सगळ्यात वाईट, बाहेर गेलेला सदस्य सचिव कोण हे पहिल्या पानावर छापलंय, त्याच्या नात्यातलं त्या ऑफिसात कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

पण म्हणून पूर्ण परिच्छेद काळा करू नका. सदस्य सचिव हितसंबंध असल्यामुळे बाहेर गेले ही समितीच्या कारभारातली महत्त्वाची गोष्ट आहे, ती जायला हवी. झाकायचं ते "जे त्यांचे नातेवाईक आहेत" एवढं. म्हणजे बाहेर काय जाईल तर "[वगळले] 120 दिवसांची रजा मागितली" मधून 120 पण झाकलेलं, मग समितीने रजा मंजूर केली हा ठराव, कोणत्या नियमाने केली तो नियम, आणि सदस्य सचिव बाहेर गेले हे. वाचणाऱ्याला समितीने काय केलं ते कळतंय, कुणासाठी केलं ते कळत नाहीये. जिथे सदस्य बाहेर गेल्यावरूनच माणूस कळतो, म्हणजे ऑफिस अगदी लहान आहे, तिथे तेही वाक्य झाकावं लागेल आणि का ते नोंदीत लिहावं लागेल.

पटकन तपासायची पद्धत अशी की झाकलेली प्रत त्या ऑफिसबद्दल थोडंफार माहीत असलेल्या पण ही फाइल न बघितलेल्या सहकाऱ्याला द्यायची, आणि फक्त विचारायचं, कोण वाटतंय? त्याने नाव घेतलं तर काळं कमी पडलंय. अर्थात चौथ्या विषयासाठी ही पद्धत वापरायची नाही, कारण तो विषय सहकाऱ्यालाही दिसता कामा नये.

चौथ्या विषयात तुमच्या मर्जीचं फारसं काही उरत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, त्याचं कलम 16, सुरुवातीलाच म्हणतं की माहिती अधिकार कायद्यात काहीही असलं तरी तक्रारीतला मजकूर, तक्रारदार महिला, ज्याच्यावर तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख आणि पत्ते, समेट आणि चौकशीची माहिती, समितीच्या शिफारशी आणि मालकाने केलेली कारवाई हे कुठल्याही प्रकारे जाहीर करायचं नाही. बघा, यात आरोपीचंही नाव आहे, फक्त तक्रारदाराचं नाही, आणि हे बरेच जण विसरतात. ओळख न सांगता न्याय मिळाल्याची माहिती देता येते अशी सूट त्यातच आहे. म्हणून व्यवहारात विषय क्रमांक आणि "अंतर्गत समितीचा अहवाल" एवढं शीर्षक ठेवून खालचा मजकूर पूर्ण जातो. शीर्षकातच नाव टाइप केलेलं असेल, आणि असतं, तर तेही जातं. विषयपत्रिका इतिवृत्ताला जोडलेली असेल तर तिथेही तेच शीर्षक पुन्हा असतं, ते बघितलंत का?

पाचव्यात खबर देणाऱ्याची ओळख 8(1)(छ) खाली येते, आणि चौकशीत अडथळा येईल असा भाग 8(1)(ज) खाली. पण फक्त "चौकशी चालू आहे" म्हणून (ज) लावता येत नाही, ही माहिती दिल्याने चौकशी कशी अडेल हे सांगता आलं पाहिजे. इथे नावापेक्षा धोकादायक वाक्य म्हणजे "रात्रपाळीत गेटवर असताना पाहिलं". नाव कुठेच नाही आणि तरी माणूस पक्का ओळखू येतो, रात्रपाळीला गेटवर दोनच जण असतात. खबर कशी मिळाली हे सांगणारं प्रत्येक वाक्य म्हणजे खबऱ्याचा पत्ता आहे असंच समजून वाचा.

एक गोष्ट कधीच करायची नाही, मजकूर बदलायचा नाही. "होत्या" चं "होते" करणं, "श्रीमती शिंदे" च्या जागी "एक कर्मचारी" असं टाइप करणं, वाक्य जवळ ओढून रिकामी जागा मिटवणं, हे झाकणं नाही, हे दुसरंच इतिवृत्त तयार करणं आहे. काळ्या पट्टीवर किंवा समासात "8(1)(ञ)" असं लिहा म्हणजे काय गेलं ते कळेल. एकाच माणसाचा उल्लेख पाच ठिकाणी असेल तर पट्टीवर "व्यक्ती अ" लिहिलं तर वाचणाऱ्याला धागा लागतो, पण दोन विषयांतली "व्यक्ती अ" एकच आहे हे कळूनच ओळख पटणार असेल तर प्रत्येक विषयाला वेगळं अक्षर वापरा. आणि पट्ट्या थोड्या लांब ठेवा, नावाइतकीच पट्टी असली तर तीन अक्षरी आडनाव की सहा अक्षरी हे दिसतं.

आता प्रत्यक्ष झाकायचं काम. कागदावर करत असाल तर फोटोकॉपीवर पांढरी चिकटपट्टी किंवा मार्कर, मग त्याची पुन्हा फोटोकॉपी, आणि अर्जदाराला ती दुसरी कॉपी. मार्कर मारलेला कागद स्वतः कधीच द्यायचा नाही, उजेडात तिरका धरला की छपाईची शाई मार्करखालून चमकते. दुसरी कॉपी खिडकीसमोर धरून बघा आणि मगच पुढे जा.

संगणकावर जास्त लोक फसतात. वर्ड किंवा पीडीएफमध्ये नावावर काळा चौकोन काढला, स्क्रीनवर छान दिसतं, पण खालचा मजकूर तसाच असतो आणि सिलेक्ट करून कॉपी केला की बाहेर येतो. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या पीडीएफमध्ये नेमकं हेच झालं, पत्रकारांनी काळ्या पट्ट्या कॉपी पेस्ट केल्या आणि खालचं सगळं वाचलं. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येही हे होतं, कारण बरीच स्कॅनर चित्रामागे ओळखलेला मजकूर लपवून ठेवतात, तुम्ही चित्र काळं करता आणि मजकूर मागे राहतो.

म्हणून सॉफ्टवेअरमधलं खरं टूल वापरा. लिबरऑफिसमध्ये Tools मधलं Redact निवडलं की कागद ड्रॉमध्ये उघडतो, तिथे चौकोन काढून शेवटी Redacted Export करायचं, मग निघणारी पीडीएफ चित्राची असते, तिच्यात सिलेक्ट होणारा मजकूर राहत नाही. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये Redact आहे, पण खूण करून सेव्ह केलं एवढ्याने काही होत नाही, Apply दाबेपर्यंत मजकूर आतच असतो. काहीच नसेल तर सरळ प्रिंट काढा, वरच्या कागदी पद्धतीने झाका आणि मजकूर ओळखायचा पर्याय बंद ठेवून स्कॅन करा, बावळट वाटतं पण पक्कं आहे. वर्डची फाइल अर्जदाराला कधीच पाठवायची नाही, तिच्यात शेरे, आधीच्या दुरुस्त्या, लेखकाचं नाव सगळं बसलेलं असतं. फाइलचं नावही बघा, "शिंदे_रजा_सभा.pdf" असं नाव ठेवून आतलं झाकण्यात काय अर्थ आहे.

पाठवण्याआधी पीडीएफ उघडून Ctrl+A, Ctrl+C करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, किंवा पीडीएफमधला मजकूर काढून दाखवणारा pdftotext हा प्रोग्राम असेल तर:

```
pdftotext prat.pdf -
```

चित्राची पीडीएफ असेल तर इथे काहीच यायला नको. काही अक्षरं आली तर आत मजकूर शिल्लक आहे. इथे मराठीची एक खास खोच आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं इतिवृत्त, म्हणजे कृतीदेव किंवा श्रीलिपी वगैरे, यातून मजकूर काढला तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आणि त्यात "शिंदे" शोधलं तर सापडत नाही, मग माणूस समजतो फाइल स्वच्छ आहे. नाहीये. तो कचरा परत त्या फॉन्टमध्ये टाकला की शिंदे पुन्हा उभे राहतात. म्हणून नाव सापडत नाही एवढ्यावर समाधान मानू नका, काहीही निघालं नाही पाहिजे.

शोधण्यावरूनच अजून एक. नावं कुठेकुठे आहेत हे बघायला Ctrl+F मारणार असाल तर पूर्ण आडनाव शोधू नका. "शिंदे" शोधलं तर "शिंद्यांनी" निसटतं, "काळे" शोधलं तर "काळ्यांच्या" निसटतं. मुळाचा भाग शोधा, "शिंद", "काळ", आणि नको ते दहा निकाल आले तरी डोळ्याने बघा. आद्याक्षरं, "मॅडम", "सदर कर्मचारी", पदनाम, कर्मचारी क्रमांक, मोबाईल नंबर हे वेगळे शोधायचे. शेवटच्या पानावरच्या सह्या आणि समासातले पेनाने लिहिलेले शेरे तर शोधून सापडतच नाहीत, ते पान पान उलटूनच.

झाकताना एक तक्ता शेजारी भरत जा, पान, ओळ, काय झाकलं, कोणतं पोटकलम, एका वाक्यात का. हा तक्ता आणि न झाकलेली खुणा केलेली प्रत ऑफिसच्या फाइलमध्ये बंद पाकिटात ठेवायची. अपिलात माहिती नाकारणं बरोबर होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 19(5) प्रमाणे तुमचीच असते, आणि चार महिन्यांनी तिसऱ्या पानावरची ती पट्टी का मारली हे कुणालाच आठवत नसतं. तक्त्यात आधी कुणाला हेच किंवा मागचं पुढचं इतिवृत्त दिलंय का तेही लिहा, कारण पुढच्या सभेत "मागील सभेतील ठरावाप्रमाणे श्रीमती शिंदे यांची रजा..." असं असतं आणि ते इतिवृत्त वेबसाइटवर आधीच पडलेलं असू शकतं. तसं असेल तर आधी ते बघा, मग पट्ट्या मारा.

प्रतीसोबतचं पत्र हा कलम 10(2) चा भाग आहे, नुसता काळा कागद पाठवला तर निर्णय अपुरा राहतो. पत्रात काय हवं तर कागदाचा काही भाग वगळून दिलाय हे, निर्णयाची कारणं, निर्णय कुणी घेतला त्याचं नाव आणि पदनाम, फीचा हिशोब, आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत. कारणं अशी लिहा:

"पान 3 वरील परिच्छेद 2 मधील एका कर्मचाऱ्याची ओळख व आरोग्याविषयीचा तपशील कलम 8(1)(ञ) अन्वये वगळला आहे. हा तपशील वगळूनही समितीचा निर्णय व त्याचा आधार आपणास उपलब्ध होत आहे. कलम 8(2) नुसार विचार केला असता व्यक्तीची ओळख उघड करण्यात अधिक सार्वजनिक हित आढळले नाही. या निर्णयाविरुद्ध हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येईल."

खाली अपिलीय अधिकाऱ्याचं पदनाम आणि पत्ता. पत्र लिहिताना झाकलेली गोष्ट पत्रातच उघडी करू नका, "ग्रंथपालांच्या अर्धांगवायूची माहिती वगळली आहे" असं लिहिलेलं पत्र दिसायला हास्यास्पद वाटेल पण घाईत असंच लिहिलं जातं. पत्र आणि प्रत दोन्ही शेजारी ठेवून एकदा वाचा, प्रत्येक पानावर "कलम 10 अन्वये अंशतः दिलेली प्रत" असा शिक्का मारा आणि पाठवून द्या.